उद्दिष्टं लिहिण्याआधी रिकामा तक्ता काढा

वाचकाचं पत्र

मॅडम, मी पुण्यात एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय ‘पुण्यातील ग्राहकांच्या खरेदीवर दहा मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या ॲपचा परिणाम’ असा घेतला आहे. सिनॉप्सिसमध्ये चार उद्दिष्टं लिहिली: ग्राहकांची जागरूकता अभ्यासणे, समाधानाची पातळी जाणून घेणे, ॲपमुळे अनावश्यक खरेदी वाढते का हे पाहणे आणि योग्य सूचना करणे. प्रत्येक उद्दिष्टाला एक याप्रमाणे चार गृहीतकं दिली. १०० जणांकडून गूगल फॉर्म भरून घेऊन काय-स्क्वेअर टेस्ट लावणार, असंही लिहिलं. गाईडनी सिनॉप्सिस परत दिला. शेरा एवढाच: ‘उद्दिष्टे, गृहीतके व पद्धती यांचा मेळ नाही. गृहीतके तपासण्याजोगी करा.’ आता कोणती टेस्ट लावली म्हणजे मेळ बसेल? की सॅम्पल ३८४ करू? मैत्रिणी म्हणतात, ३८४ लिहिलं की कुणी काही विचारत नाही.
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर

टेस्ट बदलून मेळ बसणार नाही आणि सॅम्पल वाढवूनही नाही. टेस्ट हा या साखळीतला शेवटचा दुवा असतो. आधीचे दुवे नीट जुळले तर ती जवळजवळ आपोआप ठरते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये साखळी तुटली आहे ती उद्दिष्टांपाशीच. चांगली गोष्ट ही की चारांपैकी एका उद्दिष्टात खरा प्रश्न दडलेला आहे आणि सगळा प्रोजेक्ट त्यावर उभा राहू शकतो.

कुठलं उद्दिष्ट ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे ठरवायला एक कोरा कागद घ्या. डेटा गोळा करून झालाय असं समजा आणि प्रत्येक उद्दिष्टासाठी निकालाच्या प्रकरणात जो तक्ता येईल तो काढा. आकडे नकोत, फक्त आडव्या ओळींची आणि उभ्या रकान्यांची शीर्षकं लिहा. ओळीत काय असेल, एकेक माणूस, एकेक ऑर्डर की एकेक वस्तू? रकान्यात काय मोजलेलं असेल? ज्या उद्दिष्टाचा तक्ता काढताच येत नाही ते अजून उद्दिष्ट झालेलं नाही. आणि तक्ता काढता येतो, पण त्यातले आकडे आत्ताच सांगता येतात, ते उद्दिष्ट अभ्यासण्यात अर्थ नाही.

‘जागरूकता’ घ्या. तक्ता सोपा आहे: ॲप माहीत आहे, माहीत नाही. पण तुमचा फॉर्म कॉलेजच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणार. पुण्यात तो भरणाऱ्या १०० जणांपैकी जवळपास सगळे ‘माहीत आहे’ म्हणतील. हे कळायला अभ्यास कशाला? ‘समाधानाची पातळी’ही तशीच. पाचपैकी सरासरी ३.९ आली, तर पुढे काय? ती जास्त की कमी हे कशाशी ताडून बघणार, हे उद्दिष्टात कुठेच नाही, म्हणून तो आकडा नुसता पडून राहतो. ‘योग्य सूचना करणे’ हे संशोधनाचं उद्दिष्टच नव्हे. सूचना हे निष्कर्षांनंतर येणारं प्रकरण आहे, त्याचा तक्ता होत नाही. आपल्याकडे बहुतेक सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य शेवटी सापडतं, तरी ते बेलाशक काढा.

राहिलं तिसरं. ‘ॲपमुळे अनावश्यक खरेदी वाढते का.’ याचा तक्ता काढायला बसलात की पेन अडेल, आणि जिथे अडेल तिथेच काम आहे. अनावश्यक कुणाच्या मते? आठ वर्षांच्या मुलाला चॉकलेट आवश्यक वाटतं. वाढते म्हणजे कशापेक्षा? ॲप वापरायला लागण्यापूर्वीपेक्षा, की किराणा दुकानातल्या खरेदीपेक्षा? खरेदी म्हणजे रुपये, वस्तू की किती वेळा घेतलं? आणि ‘मुळे’ म्हणताना तुम्ही कारणावर बोट ठेवता आहात. ते दाखवायची सोय १०० फॉर्ममध्ये आहे का?

एकेक घेऊ. ‘अनावश्यक’ऐवजी ‘आधी न ठरवता घेतलेली’ असं धरा. ते ग्राहक स्वतः सांगू शकतो आणि तुम्हाला कुणाच्या गरजांवर निकाल द्यावा लागत नाही. अशा खरेदीवर जुनं आणि अजूनही उपयोगी वर्गीकरण हॉकिन्स स्टर्न यांनी १९६२ मध्ये मांडलं. त्यात निव्वळ उर्मीने घेतलेली वस्तू वेगळी आणि समोर दिसल्यावर ‘अरे, हे संपलंय’ असं आठवून घेतलेली वस्तू वेगळी. तुमच्या अभ्यासात हा भेद फार महत्त्वाचा ठरेल. दुधासाठी ॲप उघडलं आणि मीठ संपल्याचं आठवलं म्हणून मीठही घेतलं, तर ते ठरवलेलं नव्हतं, पण लागणारच होतं. म्हणून प्रत्येक वस्तूला तीनपैकी एक खूण द्यायची: १ म्हणजे आधी ठरलेली, २ म्हणजे घेताना आठवलेली, ३ म्हणजे घेताना सुचलेली. मोजताना ‘न ठरवता’ म्हणजे फक्त ३. बिस्किटं घ्यायची ठरली होती, पण कुठल्या कंपनीची हे ठरलं नव्हतं, तर ती १ मध्येच. असे नियम सिनॉप्सिसमध्ये दोन ओळींत लिहा. नाही लिहिले तर डेटा भरताना रोज नवा नियम करावा लागतो आणि शेवटी एकच वस्तू कुणाच्या नावापुढे २ आणि कुणाच्या नावापुढे ३ दिसते.

आता ‘कशापेक्षा’. बहुतेक विद्यार्थी ॲप वापरणारे ५० आणि न वापरणारे ५० घेऊन त्यांची तुलना करतात. सोपं वाटतं, पण फसतं. ॲप वापरणारे सरासरीने तरुण, नोकरी करणारे, एकटे किंवा मित्रांबरोबर राहणारे असण्याची शक्यता जास्त. फरक निघाला तर तो ॲपचा की वयाचा, खिशाचा, घरात स्वयंपाक कोण करतं याचा, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा एकच माणूस दोन्ही ठिकाणी खरेदी करतो, त्याचीच तुलना त्याच्याशी करा. कोथरूडमध्ये असे लोक भरपूर मिळतील: रात्री ॲपवरून ब्रेड मागवतात आणि सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर, पोहे आणतात. माणूस तोच राहिल्यामुळे वय, उत्पन्न, स्वभाव हे सगळं दोन्ही बाजूंना सारखंच राहतं.

इथे एक खड्डा आहे. महिन्याचा किराणा यादी करून भरला जातो, त्यात न ठरवलेलं कमीच असतं. आणि ती यादी बहुधा दुकानाकडे किंवा मोठ्या मॉलकडे जाते, ॲपकडे क्वचित. ती खरेदी तुलनेत आली तर दुकान उगाचच शिस्तीचं दिसेल. म्हणून फक्त मधल्या काळातली छोटी खरेदी घ्या, समजा एका वेळी ५०० रुपयांपर्यंतची. मर्यादा ४०० ठेवा की ६००, तो तुमचा निर्णय. पण दोन्ही बाजूंना तीच हवी आणि ती आधी लिहिलेली हवी.

एवढं ठरल्यावर उद्दिष्ट असं लिहिता येतं: ‘कोथरूड परिसरातील, ॲप व किराणा दुकान दोन्ही वापरणाऱ्या ग्राहकांच्या छोट्या खरेदीत, आधी न ठरवता घेतलेल्या वस्तूंच्या प्रमाणाची दोन्ही माध्यमांत तुलना करणे.’ वाक्य लांबलंय, मान्य. पण यात कोण, कुठे, काय, कशाशी हे सगळं आहे आणि तक्ता लगेच निघतो: प्रत्येक ओळीत एक माणूस, रकाने तीन, म्हणजे ॲपवरचं प्रमाण, दुकानातलं प्रमाण आणि त्यांतला फरक. ‘परिणाम’ जाऊन ‘तुलना’ आली हेही बघा. माणूस तोच असला तरी प्रसंग वेगळे असतात. पाहुणे अचानक आले की लोक ॲपकडे वळतात आणि पाहुण्यांसाठी चार वस्तू जास्तच घेतल्या जातात. हा प्रसंगाचा भाग तुम्ही वेगळा काढू शकत नाही, म्हणून कारणाचा दावा करायचा नाही. प्रोजेक्टच्या शीर्षकातूनही ‘परिणाम’ काढून टाका, नाहीतर व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आता गृहीतक. प्रत्येक उद्दिष्टाला एक गृहीतक हवंच, ही समजूत सोडून द्या. जिथे दोन गोष्टींत फरक किंवा संबंध आहे असा दावा असतो तिथेच गृहीतक लागतं. ‘छोट्या खरेदीतल्या कोणत्या वस्तू लोक ॲपवरून घेतात आणि कोणत्या दुकानातून’ हे चांगलं उद्दिष्ट आहे, पण ते वर्णनाचं आहे. त्याला टक्केवारीचा तक्ता पुरतो. त्याच्यासाठी ओढूनताणून ‘ग्राहक ॲपवरून विविध वस्तू घेतात’ असं गृहीतक लिहिलं, तर ते खोटं ठरूच शकत नाही. गाईडनी ‘तपासण्याजोगी’ म्हटलंय ते याच अर्थाने. गृहीतक लिहून झालं की स्वतःला विचारा: डेटा कसा आला तर हे चूक ठरेल? उत्तर सुचलं नाही तर ते गृहीतक नव्हे.

तुमच्यासाठी शून्य गृहीतक असं होईल: ‘एकाच ग्राहकाच्या ॲपवरील व दुकानातील छोट्या खरेदीत, आधी न ठरवता घेतलेल्या वस्तूंच्या प्रमाणात फरक नाही.’ पर्यायी गृहीतकात दोन वाटा आहेत: नुसतं ‘फरक आहे’ म्हणायचं, की ‘ॲपवर प्रमाण जास्त आहे’ म्हणायचं. दिशा सांगायची तर त्यामागे कारण हवं, आणि इथे कारणं दोन्ही बाजूंनी दिसतात. ॲपवर मोफत डिलिव्हरीची किमान रक्कम गाठायला लोक एखादी वस्तू वाढवतात, पैसे भरण्याच्या पानावरही ‘हेही घ्या’ म्हणून वस्तू दाखवतात. त्यावरून ॲपवर जास्त असावं. उलट, ॲपवर माणूस नाव टाइप करून थेट वस्तू शोधतो, तर दुकानात गल्ल्याजवळच्या बरण्या डोळ्यांसमोर असतात. त्यावरून दुकानात जास्त असावं. पण पुण्यातल्या पेठांमधली आणि जुन्या वस्त्यांमधली बरीच दुकानं अशी, की गिऱ्हाईक बाहेर उभं राहून मागतं आणि दुकानदार आतून काढून देतो. तिथे नजरेला पडून घेण्याची संधी कमी, म्हणजे पारडं पुन्हा ॲपकडे झुकतं. कारणं अशी दोन्हीकडे ओढत असतील तर दिशा न सांगणं जास्त प्रामाणिक. ‘फरक आहे’ एवढंच लिहा आणि टेस्ट दोन्ही बाजूंची ठेवा. आधीच्या अभ्यासांतून एका बाजूला ठाम आधार मिळाला तरच दिशा घाला, पण ती डेटा बघण्याआधी. डेटा बघून दिशा ठरवली की टेस्टचा निकाल विश्वासार्ह राहत नाही.

आता पद्धत बघा, कशी आपोआप येते. तक्त्याला प्रत्येक माणसाची दोन प्रमाणं हवी आहेत. ‘ॲपमुळे माझी न ठरवलेली खरेदी वाढली आहे – पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ या प्रश्नाने ती मिळणार नाहीत. तो प्रश्न माणसाचं स्वतःच्या खरेदीबद्दलचं मत मोजतो, खरेदी मोजत नाही. मतावर अभ्यास करायला हरकत नाही, पण मग उद्दिष्टातही ‘ग्राहकांच्या मते’ असं यायला हवं. ‘शेवटच्या ऑर्डरमध्ये काय घेतलंत’ असं आठवून विचारण्यातही गडबड आहे. ॲपची ऑर्डर मोबाइलमध्ये नावांसकट साठवलेली असते, दुकानातल्या छोट्या खरेदीची पावतीही नसते. ॲपकडचं सगळं आठवतं, दुकानातलं अर्धं निसटतं आणि निसटतात त्या नेमक्या किरकोळ, न ठरवलेल्या वस्तू. मग दिसणारा फरक खरेदीतला नसतो, आठवणीतला असतो.

म्हणून इथे नोंदवही लागेल. प्रत्येक सहभागीने दोन आठवडे, छोटी खरेदी झाली की त्याच दिवशी नोंद करायची: तारीख, ॲप की दुकान, वस्तूंची नावं, प्रत्येकीपुढे १, २ किंवा ३. गूगल फॉर्म इथे वापरता येईल, एका खरेदीला एक फॉर्म. रोज रात्री नऊच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर एक आठवण पाठवा. ती न पाठवल्यास चौथ्या-पाचव्या दिवसापासून नोंदी विरळ होतात. खरेदीआधीच यादी लिहून घ्यावी असंही वाटेल. ते जास्त नेमकं असतं, पण यादी लिहिली की माणूस यादीला धरून वागतो आणि जे मोजायचं तेच बदलतं. तुमच्या कामाला त्याच दिवशी नंतर केलेली नोंद पुरेशी आहे. तिची मर्यादा मात्र लिहा: नंतर नोंद करताना लोक स्वतःला जरा जास्त शहाणं दाखवतात आणि ३ च्या जागी २ टाकतात. ते दोन्ही माध्यमांत साधारण सारखंच होत असेल तर तुलना फारशी बिघडत नाही, प्रत्यक्ष टक्केवारी मात्र कमी दिसते.

प्रमाण काढायची रीतही आधी ठरवा. समजा, एका सहभागीने पंधरवड्यात ॲपवरून ३ ऑर्डर दिल्या, एकूण १४ वस्तू, त्यांतल्या ५ ना खूण ३. दुकानात ४ खेपा, १० वस्तू, २ ना खूण ३. ॲपचं प्रमाण १४ पैकी ५, म्हणजे सुमारे ३६ टक्के, दुकानाचं २० टक्के, फरक १६. हे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी घेतलेत. इथे पंधरवड्याच्या वस्तू आधी एकत्र केल्या आणि मग भागाकार केला. प्रत्येक खेपेचं प्रमाण काढून त्यांची सरासरी घेतली असती तर घोटाळा झाला असता, कारण दुकानातून लोक पुष्कळदा एकच वस्तू आणतात आणि एका वस्तूच्या खेपेचं प्रमाण शून्य तरी येतं नाहीतर थेट शंभर.

प्रत्येक माणसाचे दोन आकडे, जोडीने. म्हणजे जोडीची टी-टेस्ट, आणि फरकांची वाटणी फारच एका बाजूला कललेली असली तर विल्कॉक्सनची जोडीची क्रमांक-चाचणी. वाटणी बघायची ती तिसऱ्या रकान्याची, फरकाची. पहिल्या दोन रकान्यांची वेगवेगळी नव्हे. इथे बरेच जण चुकतात. काय-स्क्वेअर इथे लागतच नाही, कारण ती मोजलेल्या संख्यांच्या वर्गवारीसाठी आहे आणि तुमच्याकडे जोडीची प्रमाणं आहेत. एक्सेलमध्ये ॲपची प्रमाणं बी रकान्यात आणि दुकानाची सी रकान्यात, अशी ६० जणांची असतील तर एवढंच टाकायचं:

```
=T.TEST(B2:B61,C2:C61,2,1)
```

शेवटच्या दोन आकड्यांत २ म्हणजे दोन्ही बाजूंची टेस्ट आणि १ म्हणजे जोडीची. तिथे २ पडलं तर एक्सेल दोन वेगळे गट समजतं, चूक कुठे दिसत नाही आणि उत्तर मात्र बदलतं. विल्कॉक्सन एक्सेलमध्ये तयार नाही. ती जामोवी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे.

आता ३८४ बद्दल. तो आकडा येतो कोकरन यांच्या सूत्रातून: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने माणसं निवडली आणि एखादी टक्केवारी ५ अंकांच्या आतबाहेर, ९५ टक्के खात्रीने सांगायची असेल, तर एवढी माणसं लागतात. तुम्ही ओळखीतून माणसं घेणार, आणि तुमचा मुख्य प्रश्न टक्केवारीचा नाही, जोडीतल्या फरकाचा आहे. सूत्राची एकही अट पाळली जात नसताना आकडा तेवढा उचलला, तर विचारणारा परीक्षक भेटला की उत्तर नसेल. जोडीच्या तुलनेत सरासरी फरक हा फरकांच्या प्रमाण विचलनाच्या निम्मा असेल, तर तो ५ टक्के पातळीवर पाचपैकी चार वेळा सापडायला सुमारे ३४ माणसं पुरतात, ०.४ पट असेल तर ५२ च्या आसपास, ०.३ पट असेल तर ९० च्या आसपास. मी ०.४ धरून चालेन. विल्कॉक्सन लावावी लागली तर आणखी तीन-चार जण हाताशी हवेत. काही जण नोंदी सोडून देतील, काहींची पंधरवड्यात एकाच बाजूची खरेदी होईल आणि त्यांची जोडीच बनणार नाही. म्हणून ८० जणांपासून सुरुवात करा. निवड ओळखीतून आहे हे स्पष्ट लिहा आणि निष्कर्ष ‘पुण्यातील ग्राहक’ असा न मांडता ‘या अभ्यासातील ग्राहक’ असा मांडा.

मुदत जवळ आलेली असेल आणि दोन आठवड्यांची नोंदवही जमणारच नसेल, तर दुसरी वाट आहे. ती कमकुवत आहे, पण सरळ आहे, आणि तुमचा १०० जणांचा फॉर्म व काय-स्क्वेअर तिथे खरोखर बसतात. फक्त ॲप वापरणारे १०० जण घ्या. दोन प्रश्न मुख्य: ॲपचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व आहे का, आणि शेवटच्या ऑर्डरमध्ये मोफत डिलिव्हरीची रक्कम गाठण्यासाठी एखादी वस्तू वाढवली का. दुसऱ्याचं उत्तर देताना त्यांना मोबाइलमधली ऑर्डर उघडून बघायला सांगा. उद्दिष्ट: ‘सदस्यत्व असणे आणि मोफत डिलिव्हरीसाठी वस्तू वाढवणे यांतील संबंध तपासणे.’ तक्ता दोन बाय दोनचा. समजा ३० जणांकडे सदस्यत्व निघालं आणि ४० जणांनी वस्तू वाढवली, तर सगळ्यात लहान चौकटीतली अपेक्षित संख्या ३० गुणिले ४० भागिले १००, म्हणजे १२. काय-स्क्वेअरला ती चालते. मात्र यातून न ठरवलेल्या खरेदीबद्दल काही कळत नाही. प्रश्न छोटा होतो आणि तो तसाच छोटा मांडायचा.

तुमच्या मूळ आराखड्यात काय-स्क्वेअर का अडली असती तेही बघा, कारण वय आणि समाधान यांची अशी जोडी बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये असते. वयाचे पाच गट आणि समाधानाच्या पाच पातळ्या म्हणजे २५ चौकटी. १०० जण त्यांत वाटले तर चौकटीला सरासरी ४. नेहमीचा नियम असा, की ज्या चौकटींत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आहे त्या एकूण चौकटींच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसाव्यात आणि १ पेक्षा कमी तर कुठेच नसावी. कॉलेजच्या ग्रुपमधून फॉर्म भरला की बहुतेक जण १८ ते २५ वयाचे येतात आणि पन्नाशीपुढच्या ओळीत दोन-तीन माणसं उरतात. एसपीएसएस तरीही उत्तर देतं, फक्त तक्त्याखाली किती चौकटी ५ च्या खाली आहेत याची बारीक अक्षरात टीप टाकतं. ती वाचायची सवय ठेवा. वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय या प्रत्येकाशी समाधान, खर्च, पसंती, वारंवारता जोडत गेलात तर २० टेस्ट होतात, आणि कुठेच संबंध नसला तरी ५ टक्के पातळीवर सरासरीने एक तरी ‘लक्षणीय’ निघते. उद्दिष्टात जी जोडी विचारलेली नाही तिची टेस्ट करू नका.

निकाल लिहिताना शून्य गृहीतक ‘सिद्ध झाले’ असं कधी लिहू नका. फरक सापडला नाही तर ‘शून्य गृहीतक नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असं लिहा आणि सोबत सरासरी फरक व त्याची ९५ टक्के कक्षा द्या. कक्षा उणे २ ते अधिक ३ अंक असेल तर फरक असलाच तर नगण्य आहे. उणे १० ते अधिक १८ असेल तर तुमच्या डेटावरून काहीच सांगता येत नाही. दोन्हीकडे टेस्टचं उत्तर ‘लक्षणीय नाही’ असंच येतं, पण त्यांचा अर्थ एक नाही.

सिनॉप्सिसमध्ये आता दोनच उद्दिष्टं राहतील: छोट्या खरेदीत कोणत्या वस्तू कुठून येतात याचं वर्णन, आणि न ठरवलेल्या वस्तूंच्या प्रमाणाची तुलना. दोन्हींना डेटा त्याच नोंदवहीतून मिळतो, गृहीतक फक्त दुसऱ्याला. दोन फारच कमी वाटली, तर लोक दुकान सोडून ॲपकडे कोणत्या प्रसंगी वळतात हे सहभागींपैकी ८-१० जणांच्या मुलाखतींतून समजून घेणं, असं तिसरं उद्दिष्ट घालता येईल. त्यालाही गृहीतक नाही, त्याचा तक्ता म्हणजे प्रसंगांचे प्रकार आणि प्रत्येकाखाली लोकांची वाक्यं. गाईडकडे जाताना तीनही रिकामे तक्ते सोबत न्या.

त्याआधी घरच्या आणि शेजारच्या पाच जणांवर तीन दिवस नोंदवही चालवून बघा. २ आणि ३ मधला फरक लोकांना कळतो का हे तिथेच समजेल. कळत नसेल तर खुणांपुढे दोन-दोन उदाहरणं छापा. सहभागींकडून लेखी संमती घ्या. कुणी ऑर्डरचा स्क्रीनशॉट पाठवणार असेल तर पत्ता आणि फोन नंबर कापून पाठवायला सांगा. नोंदींचा पंधरवडा गणपती किंवा दिवाळीत येऊ देऊ नका, तेव्हाची खरेदी नेहमीची नसते. महिन्याच्या पाच-सहा तारखेनंतर सुरू केलात तर बहुतेक घरी महिन्याचा किराणा भरून झालेला असेल आणि नोंदवहीत नेमकी तुम्हाला हवी ती छोटी खरेदी येईल.